सुखाची वेदना

बौद्ध धम्मातल्या मूळ संज्ञांना मराठीत शब्दच नाहीत, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकते. मला ती पटत नाही. शब्द आहेत, आणि ते फार पटकन हाती लागतात. अडचण तिथूनच सुरू होते. माणूस ज्या पाच समूहांचा बनलेला आहे त्या पाच स्कंधांची यादी फळ्यावर लिहायला घ्या: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. यातला एकही शब्द मराठी माणसाला परका नाही, शाळकरी मुलांनाही पाचही ठाऊक असतात. म्हणून यादी लिहून होते, माना डोलतात, वह्यांत उतरवून घेतलं जातं आणि कुणी काही विचारत नाही. पण आजच्या मराठीत रूप म्हणजे देखणेपण, वेदना म्हणजे दुखणं, संज्ञा म्हणजे पारिभाषिक नाव, संस्कार म्हणजे चांगलं वळण आणि विज्ञान म्हणजे सायन्स. पाच स्कंधांच्या सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या पाली उपदेशांत, हे शब्द यांपैकी एकाही अर्थाने येत नाहीत.

माझा वर्ग दोन भाषांचा आहे. काही जण पाठ इंग्रजीतून वाचतात, काही मराठीतून. चर्चा दोन्हींत चालते आणि उत्तरं ज्याला ज्या भाषेत लिहायची त्या भाषेत. एकाच बाकावर एकीच्या पानावर ‘फीलिंग’ छापलेलं असतं आणि दुसरीच्या पानावर ‘वेदना’. दोघी एकच पाठ शिकताहेत असं दोघींना वाटतं. प्रत्यक्षात काय शिकलं गेलं ते उत्तरं तपासायला घेतली की समजतं.

प्रश्न साधा असतो. दुःख कशातून कसं उपजतं ते सांगणाऱ्या पटिच्चसमुप्पादाच्या साखळीत ‘फस्सपच्चया वेदना, वेदनापच्चया तण्हा’ अशा दोन कड्या येतात, म्हणजे स्पर्शामुळे वेदना आणि वेदनेमुळे तृष्णा. त्या स्वतःच्या शब्दांत उलगडून सांगायच्या. मराठीतल्या एका उत्तरात असं लिहिलं होतं: ‘माणसाला वेदना होते. त्या वेदनेतून सुटका व्हावी म्हणून तृष्णा निर्माण होते. ज्याला वेदना नाही त्याला तृष्णाही नाही.’ वाक्यं नीटस आहेत, एकातून दुसरं निघतं. फक्त शिकवणुकीचा मोठा भाग त्यातून गळून पडला आहे. हव्यास गोड वाटलेल्या गोष्टीचाही होतो, किंबहुना आधी त्याचाच होतो. सुत्तं तर स्पष्ट सांगतात की सुखद वेदनेच्या तळाशी रागाची म्हणजे आसक्तीची सुप्त प्रवृत्ती असते, दुःखद वेदनेच्या तळाशी प्रतिघाची म्हणजे चिडीची, आणि जी सुखदही नाही, दुःखदही नाही तिच्या तळाशी अविद्येची. वेदना म्हणजे दुखणं असं धरलं की या तीन ओळींतली पहिली निरर्थक होते आणि तिसरीला जागाच उरत नाही.

‘वेदना’ हा शब्द मुळात ‘विद्’ या धातूचा. वेद, विद्या, निवेदन ही सगळी त्याच घरातली. निवेदन करणं म्हणजे दुसऱ्याला कळवणं, हा जुना अर्थ अजून टिकून आहे. वेदना म्हणजे जाणवणं, आणि जे जाणवलं ते गोड की कडू, की दोन्ही नाही, असं जाणवणं. मराठीत हा शब्द आक्रसत आक्रसत फक्त कडू बाजूला येऊन थांबला. ‘प्रसूतिवेदना’ म्हणतो आपण, ‘वेदनाशामक गोळी’ म्हणतो. त्यामुळे ‘सुखा वेदना’ असं फळ्यावर लिहिलं की मराठी वाचणाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. ‘बाई, सुखाची वेदना म्हणजे विरहात असते तशी का?’ असं एका विद्यार्थिनीने मनापासून विचारलं. प्रश्न चांगलाच होता, कारण तिला काहीतरी अडलंय हे तिने ओळखलं होतं. ज्यांना अडत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते.

तेव्हापासून ‘सुखा वेदना’ हीच माझी कसोटी आहे. वेदनेसाठी कुणी कोणताही मराठी शब्द सुचवला की तो तीन वाक्यांत घालून पाहायचा: तो सुखद असू शकतो का, दुःखद असू शकतो का, आणि दोन्ही नसलेला असू शकतो का. तिन्ही वाक्यं मराठीत सरळ उभी राहिली तरच पुढे जायचं.

सगळ्यात आधी सुचतो ‘संवेदना’. विपश्यनेच्या शिबिरांमुळे हा शब्द पुष्कळांच्या तोंडी बसला आहे आणि तिथे त्याने चोख काम केलं आहे. सुखद संवेदना, दुःखद संवेदना ही वाक्यं अडत नाहीत. पण मराठीत संवेदना म्हटलं की शरीर पुढे येतं. ‘पायाला संवेदना राहिली नाही’ असं आपण म्हणतो ते त्वचेबद्दल, नसांबद्दल. सुत्तांमध्ये वेदना कायिक असते तशीच चेतसिकही असते, आणि नाम म्हणजे मन आणि रूप म्हणजे शरीर अशा नामरूपाच्या विभागणीत तर ती नामात मोडते, रूपात नाही. आठवणीने आलेला कडवटपणा ही वेदनाच आहे, तिथे शरीरावर काही टोचलेलं नसलं तरी. ध्यानाला बसताना शरीरावर लक्ष ठेवायला सांगणं वेगळं आणि स्कंधाचं नाव ठरवणं वेगळं. पहिल्या कामाला ‘संवेदना’ चालतो, दुसऱ्याला तोकडा पडतो.

मग येतो ‘भावना’, आणि हा शब्द नेमका दोन भाषांच्या वर्गातच का येतो ते पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत वाचणारी मुलगी शेजारणीला मदत करायला जाते. ‘फीलिंग म्हणजे भावना गं,’ म्हणते. तिच्या शब्दकोशात तसंच आहे. पण इथे दोन अपघात एकदम होतात. पहिला असा की राग, मत्सर, प्रेम या ज्यांना आपण भावना म्हणतो, त्या सुत्तांच्या मांडणीत वेदनेत येत नाहीत. त्यांची जागा संखार म्हणजे संस्कार स्कंधात आहे. सतिपट्ठान या ध्यानाच्या सुत्तातही वेदनांचं निरीक्षण, म्हणजे वेदनानुपस्सना वेगळी आणि द्वेषाने भरलेलं चित्त ओळखणं हे चित्ताच्या निरीक्षणात, म्हणजे चित्तानुपस्सनेत वेगळं. दुसरा अपघात आणखी वाईट: पालीत ‘भावना’ हा शब्द आधीच कामावर रुजू आहे. मेत्ता-भावना म्हणजे मैत्रीची भावना मनात येणं नाही, मैत्री वाढवणं, रुजवणं, तिचा सराव करणं. म्हणजे इंग्रजीमार्गे आलेला शब्द पालीतल्या दुसऱ्याच शब्दाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

यातून आमच्या वर्गाचा एक नियम ठरला आणि तो मी कधी मोडू देत नाही. फळ्यावर तीन रकाने असतात: मधला पालीचा, डावा मराठीचा, उजवा इंग्रजीचा. मराठीचा रकाना इंग्रजीकडे पाहून भरायचा नाही, इंग्रजीचा मराठीकडे पाहून नाही. दोघांनीही मधल्या रकान्याकडे यायचं. हे औपचारिक वाटतं, पण त्याने नेमकं काय वाचतं ते बाकीच्या शब्दांवरही दिसतं. ‘परसेप्शन’वरून मराठीत ‘आकलन’ येतं, आणि सञ्ञा, म्हणजे यादीतली संज्ञा, हे आकलन नव्हेच. विञ्ञाणासाठी, म्हणजे यादीतल्या विज्ञानासाठी, ‘कॉन्शसनेस’वरून ‘चैतन्य’ येतं, आणि त्याने काय होतं ते पुढे सांगते.

मधल्या रकान्यात तरी काय लिहायचं? इथे मला सगळ्यात जास्त मदत झाली ती संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहातल्या खज्जनीय सुत्ताची. त्यात पाचही स्कंधांची व्याख्या आहे आणि ती देण्याची रीत अशी की नावाचा अर्थ दुसऱ्या नावाने सांगितलेलाच नाही. तो क्रियापदाने सांगितला आहे. वेदना का म्हणतात? ‘वेदयति’ म्हणून. काय वेदयति? सुखही, दुःखही, अदुक्खमसुखही. सञ्ञा का म्हणतात? ‘सञ्जानाति’ म्हणून: निळं, पिवळं, तांबडं, पांढरं असं ओळखते म्हणून. विञ्ञाण का? ‘विजानाति’ म्हणून, आणि इथे उदाहरणं चवीची आहेत: आंबट, कडू, तिखट, गोड, खारट. संखार का? ते घडलेल्याला घडवतात म्हणून. रूप का? ‘रुप्पति’ म्हणून: थंडीने, उन्हाने, भुकेने, तहानेने, डासमाश्यांनी पीडलं जातं म्हणून.

हे वाचल्यावर मी नामाच्या मागे लागणं सोडलं. मराठीतली संस्कृत नामं थकलेली आहेत, प्रत्येकावर शतकानुशतकांचे अर्थ चढलेले आहेत. मराठी क्रियापदं मात्र घरातली आहेत, रोजच्या वापराने लख्ख राहिलेली. म्हणून आता मी वर्गाला शब्द विचारत नाही, क्रिया विचारते. निळं ते निळं असं कळलं, तेव्हा मनाने काय केलं? उत्तर लगेच येतं: ओळखलं. झालं, सञ्ञेचं काम संपलं. ‘ओळख’ हा शब्द तिथे इतका चपखल बसतो की त्यावर वेळ घालवावा लागत नाही. रूपाचंही तसंच. ऊन लागतं, थंडी वाजते, भूक लागते, डास चावतो, तो ज्याला, ते रूप. देखणेपणाचा विषयच निघत नाही.

वेदनेसाठी मात्र क्रियापद निवडताना बराच खल झाला. ‘अनुभवणं’ तिन्ही कसोट्यांना उतरतं, पण ते इतकं मोठं आहे की पाचही स्कंध त्याच्या पोटात मावतात. ‘भोगणं’ मला मनापासून आवडलं होतं. सुखही भोगतात, दुःखही भोगतात, आणि दोन्हींत भोगणारा गुंततो हेही त्यात आहे. पण ‘भोग आले नशिबी’ म्हटलं की सुख बाजूला पडतं आणि मागच्या कर्माचं फळ पुढे येतं. प्रत्येक वेदना ही पूर्वकर्माचंच फळ असं बुद्ध मानत नाहीत; पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी इतर कारणंही ते मोजतात. ‘भोगणं’ घेतलं असतं तर जे मत सुत्तांनी खोडलं आहे तेच आम्ही शब्दात भरून दिलं असतं.

शेवटी जे टिकलं ते अगदी साधं आहे: वाटणं. बरं वाटणं, वाईट वाटणं, आणि धड बरंही नाही, वाईटही नाही असं वाटणं. ‘आता बरं वाटतंय’ हे आपण ताप उतरल्यावर म्हणतो आणि मैत्रिणीशी बोलून झाल्यावरही म्हणतो, म्हणजे कायिक आणि चेतसिक दोन्ही एका क्रियापदात येतात. संवेदनेला जे जमलं नव्हतं ते याला जमतं. शिवाय बरं वाटणं ही अजून आसक्ती नाही, लोभ नाही, त्याच्या आधीची पायरी आहे. बरं वाटलं, मग हवंसं झालं: वेदना, मग तृष्णा. साखळीतल्या दोन कड्या मराठीत इतक्या जवळ आणि तरी वेगळ्या दुसऱ्या कुठल्याच शब्दाने दिसल्या नाहीत.

तरी ‘वाटणं’ निर्दोष नाही आणि तेही वर्गाला सांगावं लागतं. ‘मला वाटतं तो येणार नाही’ यातलं वाटणं म्हणजे मत, वेदना नव्हे. ‘त्याला काही वाटतच नाही’ याचा अर्थ तो निगरगट्ट आहे असा होतो, तो अदुक्खमसुख अवस्थेत आहे असा नव्हे. म्हणून या क्रियापदाला आम्ही एकटं सोडत नाही. बरं, वाईट किंवा धड-दोन्ही-नाही यातलं काहीतरी मागे लागलेलंच हवं. आणि मराठी रकान्यात ‘वेदना’ हा शब्दही एकटा लिहायचा नाही, सुखा, दुक्खा, अदुक्खमसुखा यांपैकी एक विशेषण लावूनच लिहायचा. विशेषणाशिवाय लिहिलेली वेदना मराठी डोळा दुखणं म्हणूनच वाचतो, त्याला इलाज नाही.

कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, पाली शब्दच ठेवा. बाकीच्या तिघांच्या बाबतीत मी तेच करते. संज्ञा नाही, सञ्ञा. संस्कार नाही, संखार. विज्ञान नाही, विञ्ञाण. उच्चारातला तेवढा फरकही वाचणाऱ्याला जागं ठेवतो. मराठीत या रीतीला मोठा आधार आहे तो ‘धम्म’ या शब्दाचा. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्यात धम्म आणि रिलिजन यांतला फरक त्यांनी मुद्दाम उलगडून मांडला आहे. आज मराठीत ‘धम्म’ म्हटलं की कुणी त्याला ‘धर्म’चा अपभ्रंश समजत नाही. ह्युएन त्संगबद्दलही चिनी परंपरा सांगते की काही शब्दांचं भाषांतर न करता नुसता उच्चार ठेवावा असा त्याचा नियम होता, आणि त्यातलं एक कारण होतं शब्दाला अनेक अर्थ असणं. पण वेदना आणि रूप या दोन शब्दांचं पाली रूप आणि मराठी रूप अक्षरन् अक्षर एकच आहे. तिथे हा दरवाजा बंद आहे. म्हणूनच पाचांत मला सगळ्यात अवघड वेदना वाटते, संखार नव्हे.

संखाराची गंमत वेगळीच आहे, कारण तिथे चूक झाली तर ती लगेच ऐकू येते. ‘अविज्जानिरोधा संखारनिरोधो’ याचं मराठी ‘अविद्येच्या निरोधाने संस्कारांचा निरोध होतो’ असं केलं की घरी आईवडील विचारतात, मुलांचे संस्कार नष्ट करायला शिकवताय का? त्यांचं बरोबर आहे. मराठीत ‘संस्कारी’ ही शाबासकी आहे, आणि संस्कार म्हटले की विधीही आठवतात. सुत्तांत हाच शब्द एके ठिकाणी इच्छापूर्वक केलेली घडण, एके ठिकाणी घडलेली कोणतीही वस्तू अशा निरनिराळ्या अर्थांनी येतो. मृत्यूच्या वेळी म्हणतात त्या ‘अनिच्चा वत संखारा’ या गाथेत तो दुसऱ्या अर्थाने आहे: जे जे घडलं ते ते अनित्य. स्कंधांच्या यादीत पहिल्या अर्थाने. मी संखार हा शब्द तसाच ठेवते आणि प्रत्येक ठिकाणी खाली लिहायला लावते: इथे ‘घडवणारं’ की ‘घडलेलं’? इंग्रजीवाल्यांनाही हीच कसरत करावी लागते. त्यांच्याकडे एका अनुवादकाने ‘फॉर्मेशन्स’ केलंय, दुसऱ्याने ‘फॅब्रिकेशन्स’, तिसऱ्याने ‘चॉइसेस’. तीन पुस्तकं घेऊन तिघी आल्या तर आपण एकाच शब्दाबद्दल बोलतोय हेही त्यांना कळत नाही. मधला रकाना तेव्हा त्यांच्याच कामी येतो.

आता चैतन्याबद्दल. ‘विज्ञान’ टाळायचं हे सगळ्यांना पटतं. सायन्सचा तास कुणालाच नको असतो. तसा हा शब्द मराठीत कधीच स्थिर नव्हता. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात आत्मज्ञान ते ज्ञान आणि प्रपंचाचं ते विज्ञान असा भेद आहे, तो आजच्या सायन्सहून वेगळा आणि पालीहूनही वेगळा. पण त्याच्या जागी जो शब्द येतो तो चैतन्य, आणि तो आपल्या कानाला फार भारदस्त लागतो. चैतन्य म्हटलं की एक अखंड, उजळ, देहात वसणारं आणि देहाबाहेरही उरणारं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. संतवाङ्मयाने त्याला ते तेज दिलं आहे. मज्झिमनिकायाच्या अडतिसाव्या सुत्तात साति नावाचा भिक्खू नेमकं हेच धरून बसलेला आहे. तो म्हणतो, हेच विञ्ञाण एका जन्मातून दुसऱ्या जन्मात फिरतं, दुसरं नाही. बुद्ध त्याला विचारतात, कोणतं विञ्ञाण? तो म्हणतो, जे बोलतं, जे वेदना भोगतं, जे कर्मांची फळं चाखतं ते. तिथे त्याला कठोर शब्दांत खोडून काढलं आहे. विञ्ञाण ज्या कारणाने उठतं त्याचंच नाव घेतं: डोळ्याने आलं तर चक्खुविञ्ञाण, कानाने आलं तर सोतविञ्ञाण. दाखला आगीचा आहे. लाकडावर पेटली तर लाकडाची आग, गवतावर पेटली तर गवताची, शेणावर पेटली तर शेणाची. ‘आग’ म्हणून यांच्या पलीकडे वेगळी कुठे ठेवलेली नसते.

वर्गात मी हे सुत्त दोनदा वाचून घेते, एकदा ‘चैतन्य’ घालून आणि एकदा ‘जाणीव’ घालून. ‘चैतन्य’ घातलं की मराठी वाचणाऱ्यांना सातिचं म्हणणं बरोबर वाटतं आणि बुद्ध उगाच रागावले असं वाटतं. ‘जाणीव’ घातलं की आगीचा दाखला आपोआप पटतो, कारण जाणीव ही कशाची तरी असते, नुसती नसते. शब्द चुकला की नाही हे ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही: ज्या मताचं खंडन चाललंय तेच वाचणाऱ्याला पटायला लागतं.

एवढी तयारी झाली की आम्ही एक आख्खं सुत्त मराठीत आणतो. मी नेहमी सल्लसुत्त घेते, दोन बाणांचं. सुरुवातीला म्हटलंय की न शिकलेला माणूसही सुखद, दुःखद आणि अदुक्खमसुख वेदना वेदतो आणि शिकलेला आर्यश्रावक, म्हणजे बुद्धांचा शिष्यही तिन्ही वेदतो, मग दोघांत फरक काय? वर्गात याचं पहिलं मराठी असं झालं: ‘अज्ञानी माणसालाही वेदना होतात आणि ज्ञानी माणसालाही वेदना होतात.’ तीनपैकी दोन वेदना पहिल्याच वाक्यात हरवल्या. दुसरा खर्डा: ‘न शिकलेल्यालाही बरं वाटतं, वाईट वाटतं, धड दोन्ही नाही असंही वाटतं, आणि शिकलेल्यालाही बरं वाटतं, वाईट वाटतं, धड दोन्ही नाही असंही वाटतं.’ पुनरुक्ती ठेवायची की काढायची यावर वाद झाला. मी ठेवायला लावली, कारण दोघांचं वाटणं शब्दशः सारखं आहे हाच प्रश्नाचा पाया आहे.

मग बाण आले. पालीत ‘सल्ल’, म्हणजे संस्कृतातलं शल्य. कुणाला तरी आनंदाने सुचलं की ‘शल्य’ तर मराठीतच आहे, तोच घेऊ. पण मराठीत शल्य हे मनातच असतं. ‘ते शल्य आयुष्यभर राहिलं’ म्हणतो तेव्हा कुणाला बाण लागलेला नसतो. सुत्तात पहिला सल्ल अंगात रुततो आणि दुसरा त्याच्यामागून मनात रुततो: माणूस शोक करतो, रडतो, छाती पिटतो. म्हणजे मराठीतलं शल्य हे फक्त दुसऱ्या बाणाचं नाव आहे. दोन्हींना ‘शल्य’ म्हटलं तर पहिला बाण दिसेनासा होतो आणि सुत्त मनाच्याच दोन जखमांबद्दल आहे असं वाटायला लागतं. म्हणून दोन्हीकडे ‘बाण’ ठेवला, आणि तळटीप दिली की मराठीत ज्याला शल्य म्हणतात तो हा दुसरा. इंग्रजीत वाचणाऱ्यांना ही टीप समजावून सांगायला मराठीवाल्या उठल्या. त्या तासाला पहिल्यांदा डाव्या रकान्याकडून उजव्या रकान्याला काहीतरी मिळालं.

एक जागा अजून अडलेली आहे: तिसरी वेदना. तिला उपेक्खा असंही नाव आहे, पण मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड, तेव्हा ते दार उघडायचंच नाही. ‘धड बरंही नाही, वाईटही नाही’ हे वर्गात बोलायला चालतं, छापायला लांबलचक होतं. या वेदनेवरून तर बुद्धांच्या काळातच वाद झाला होता. पञ्चकङ्ग नावाचा सुतार म्हणत होता की वेदना दोनच, तिसरी ही शांत सुखातच धरली आहे. उदायी भिक्खू म्हणत होते तीन. आनंद या भिक्खूने ते बुद्धांच्या कानावर घातलं, तेव्हा बुद्ध म्हणाले की दोघंही आपापल्या परीने बरोबर आहेत, मी दोनही सांगितल्यात आणि तीनही, पाच, सहा, अठरा, छत्तीस आणि एकशे आठही.

सध्या मी वर्गाला धम्मदिन्ना थेरी या भिक्खुणीचं उत्तर देते, चूळवेदल्ल सुत्तातलं. विसाख नावाचा उपासक तिला विचारतो, या तिन्हींत सुख काय आणि दुःख काय? ती म्हणते, सुखद वेदना टिकून असते तोवर सुख, बदलली की दुःख. दुःखद वेदना टिकून असते तोवर दुःख, बदलली की सुख. आणि तिसरी? ‘ञाणसुखा अञ्ञाणदुक्खा.’ गेल्या वर्षीच्या वर्गाने याचं मराठी ‘कळली तर सुख, न कळली तर दुःख’ असं केलं. यंदाच्या मुली म्हणताहेत की ‘कळली’ने ती वेदना आहे एवढं समजल्यासारखं वाटतं, ‘ओळखली’ हवं. पण ‘ओळखणं’ आम्ही सञ्ञेला देऊन बसलोय, आणि इथे शब्द ञाण म्हणजे ज्ञान आहे. फळ्यावर सध्या दोन्ही वाक्यं एकाखाली एक आहेत.